फाइल अडली, तक्रारीचा फोटो मात्र गेला

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारख्या साधनांना एखादी फाइल द्यायची आणि तिच्यातलं हवं ते विचारायचं, याची सवय आता पुष्कळांना झाली आहे. मग एक दिवस फाइल जातच नाही. खिडकीच्या कोपऱ्यात लाल पट्टी उमटते, `Upload failed. Please try again.`, आणि तीन-चार सेकंदांत विरूनही जाते. दोनदा-तीनदा प्रयत्न केल्यावर माणसाला सुचतं ते असं: त्या लाल पट्टीचाच स्क्रीनशॉट काढायचा, तो त्याच साधनाला त्याच खिडकीतून पाठवायचा आणि विचारायचं, की बाबा, हे काय झालं?

ज्या दाराने फाइल आत गेली नाही त्याच दाराने तक्रारीचा फोटो आत सरकवायचा, यात थोडी गंमत आहे खरी. पण युक्ती वाया जात नाही. साधन जे उत्तर देतं त्याहून कधी कधी जास्त मोलाची माहिती ते उत्तर यायच्या आधीच हाती आलेली असते. फोटो गेला की नाही गेला, हीच ती माहिती. हे नीट समजायचं तर फाइल निघते कुठून, पोचते कुठे आणि वाटेत तिला कोण कोण अडवतं, ते पाहायला हवं.

फाइल निवडल्याबरोबर पहिली तपासणी आपल्याच ब्राउझरमध्ये होते. पानावरचा छोटा प्रोग्रॅम फाइलचा आकार आणि प्रकार बघतो. नियमात बसत नसेल तर एकही बाइट बाहेर न पाठवता नकार देतो. इथून सुटली की फाइल इंटरनेटवरून सर्व्हरच्या प्रवेशद्वारापाशी येते. तिथे वेगळा प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याच्या स्वतःच्या मर्यादा असतात. एनजिन्क्स हा अशा कामासाठी जगभर वापरला जाणारा सर्व्हर. त्याच्या मूळ मांडणीत एका विनंतीच्या मजकुराची कमाल मर्यादा फक्त 1 एमबी असते, आणि चालवणाऱ्याने ती वाढवली नाही तर त्याहून मोठं काहीच आत येत नाही. दार ओलांडलं की फाइल साठवली जाते. मग आणखी एक प्रोग्रॅम ती उघडतो, मजकूर वेगळा काढतो, गरज पडली तर प्रत्येक पानाचं चित्र बनवतो. एवढं सगळं सुरळीत झालं तरच तिच्यातलं काहीतरी त्या भाषा-मॉडेलपर्यंत, म्हणजे ज्याला आपण ‘साधन’ म्हणून प्रश्न विचारतो त्याच्यापर्यंत, पोचतं.

मॉडेल या रांगेच्या अगदी शेवटी बसलेलं असतं. मोठ्या सोसायटीत वॉचमनने कुरियरवाल्याला गेटवरूनच परत पाठवलं, तर दहाव्या मजल्यावरच्या माणसाला पार्सल आलं होतं हेच ठाऊक नसतं. तसं हे आहे. लाल पट्टी मॉडेलने दाखवलेली नसते, पानाने किंवा दारावरच्या सर्व्हरने दाखवलेली असते. सर्व्हरच्या नोंदवह्या सहसा मॉडेलला दिसत नाहीत. अडलेल्या फाइलचा एक बाइटही त्याने पाहिलेला नसतो. आपण स्क्रीनशॉट पाठवतो तेव्हा त्याच्या हाती येतं ते एक चित्र, आणि आपण सोबत चार ओळी लिहिल्या असतील तर त्या चार ओळी. बाकी सगळा त्याचा सर्वसाधारण अभ्यास.

म्हणूनच उत्तरात ‘तुमची फाइल खराब झालेली दिसते’ असं ठाम वाक्य आलं तर कान टवकारावेत. चित्रात `corrupted` असा शब्द असेल तर साधन चित्र वाचून सांगतंय; नसेल तर तो अंदाज आहे, निदान म्हणून मांडलेला. खरं-खोटं ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: चित्रातल्या नेमक्या कोणत्या शब्दांवरून हे म्हणतोस? पायाच नसेल तर उत्तर लगेच ढिलं पडतं.

आता दाराकडे वळू. स्क्रीनशॉट बिनबोभाट गेला, याचा अर्थ काय? आपलं लॉगिन शाबूत आहे, इंटरनेट चालू आहे, फाइल जोडायची सोय निदान छोट्या चित्रासाठी तरी चालते आहे आणि साधन उत्तरही देतंय. एका फटक्यात चार संशयित सुटले. उरला संशय त्या फाइलवर, म्हणजे तिचा आकार, तिचा प्रकार किंवा तिच्या पोटात जे आहे ते. उलट स्क्रीनशॉटही गेला नाही तर फाइलची झाडाझडती घेण्यात अर्थ नाही. दोष लॉगिनमध्ये, नेटमध्ये, त्या दिवशीच्या अपलोडच्या कोट्यात किंवा सेवेतच आहे. तेव्हा पट्टीवरचा मजकूर हाताने टाइप करून पाठवावा. टाइप केलेला मजकूर बहुतेक ठिकाणी फाइलींच्या वाटेने जात नाही, त्यामुळे जोडणीची सोय बंद असतानाही तो पोचू शकतो.

या चाचणीला मर्यादा आहे, आणि ती लक्षात न घेता पुढे गेलं की फसगत होते. स्क्रीनशॉट असतो एक-दोनशे केबीचा आणि चित्राच्या प्रकारातला. अडलेली फाइल असते सत्तर एमबीची पीडीएफ. छोटं चित्र गेलं म्हणून मोठ्या पीडीएफची वाट मोकळी आहे असं ठरत नाही. संशय खरोखर फाइलवरच आहे का, हे पक्कं करायचं तर त्याच प्रकारची, पण एकाच पानाची, दुसरी पीडीएफ पाठवून पाहावी. ती गेली तरच हात फाइलच्या गळ्याशी न्यायला हरकत नाही.

ठाण्याकडच्या एका गृहनिर्माण सोसायटीत असाच प्रकार झाला. पुनर्विकासाची बोलणी चालू होती, आणि जुन्या सभांत काय काय ठराव झाले होते ते एकदा काढून ठेवायचं होतं. सचिवांनी इतिवृत्ताची जाडजूड वही स्कॅन केली, मध्ये इमारतीच्या नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो घातला आणि चौसष्ट पानांची एक पीडीएफ केली. आकार 71 एमबी. ती साधनाला द्यायला गेले, तर तीच लाल पट्टी. सचिवांनी स्क्रीनशॉट पाठवला. तो लगेच गेला. उत्तरही आलं: फाइल मोठी असेल, प्रकार चालत नसेल, नेट मंद असेल, ब्राउझर जुना असेल, सर्व्हरवर ताण असेल.

यातलं काहीच चूक नव्हतं, आणि उपयोगाचंही नव्हतं. पट्टीवर मजकूरच तेवढा होता, की साधनाने तरी आणखी काय काढावं त्यातून? `Upload failed` हे वाक्य लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला घाबरवायचं नाही एवढंच पाहिलेलं असतं. कारण सांगायचं टाळलेलं असतं. माझ्या मते अर्धा दोष असे संदेश लिहिणाऱ्यांचा आहे.

सचिवांच्या शेजारची मुलगी संगणकाचं शिक्षण घेते. ती म्हणाली, “काका, पट्टी लाल व्हायला किती वेळ लागला?” काकांनी पुन्हा करून पाहिलं. साधारण दहा सेकंद. “आणि आपलं नेट वर किती वेगाने पाठवतं?” वेग मोजून पाहिला तर सेकंदाला सहा मेगाबिट.

इथे हिशोब करून बघावा. 71 एमबी म्हणजे 568 मेगाबिट. सहाच्या वेगाने त्यांना दीड मिनिटाहून जास्त वेळ लागणार. पट्टी दहा सेकंदांत लाल झाली. म्हणजे पूर्ण फाइल पोचलेलीच नाही. कोणी ती उघडून वाचून नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. आतली पानं, पासवर्ड, बिघाड या शंका तूर्त बाजूला ठेवता येतात. आणि एका सेकंदाच्या आतही नकार आलेला नाही, म्हणजे पानाने जागच्या जागीच थांबवलं असंही दिसत नाही. नकार वाटेतला किंवा दारावरचा. फाइल निवडल्याक्षणी नकार आला तर पानाची तपासणी, मध्येच आला तर नेट किंवा दार, अपलोडची पट्टी शेवटाला जाऊन चक्र काही काळ गोल फिरत राहिल्यावर आला तर फाइल पोचली पण उघडता आली नाही: हा वेळेचा अंदाज शंभर टक्के बरोबर नसतो, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो. आणि नेमका हा वेळ स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. स्थिर चित्राला आधी काय झालं ते ठाऊक नसतं. म्हणून चित्रासोबत फाइलचा प्रकार, आकार, नकार किती वेळाने आला आणि दुसरी छोटी फाइल जाते का, एवढं शब्दांत लिहिणं भाग आहे.

मुलीने मग लॅपटॉपवर F12 दाबून ब्राउझरची आतली खिडकी उघडली, तिच्यातल्या Network या भागात गेली आणि काकांना पुन्हा फाइल पाठवायला सांगितली. यादीत एक ओळ लाल झाली. त्या ओळीवर टिचकी मारल्यावर सर्व्हरचं खरं उत्तर दिसलं:

```
HTTP/1.1 413 Request Entity Too Large
Server: nginx
```

गुळमुळीत पट्टीच्या मागे इतकं स्पष्ट उत्तर दडलेलं होतं. वेबवरच्या प्रत्येक उत्तराला असा तीन आकडी क्रमांक असतो. 4 ने सुरू होणारे क्रमांक सांगतात की पाठवलेल्या विनंतीत काहीतरी अडचण आहे. 5 ने सुरू होणारे सांगतात की गडबड सर्व्हरच्या बाजूला आहे. 413 म्हणजे पाठवलेला ऐवज आम्ही घेतो त्याहून मोठा आहे. 415 असता तर प्रकार चालत नाही असा अर्थ झाला असता, 401 असता तर पुन्हा लॉगिन करा, 429 असता तर फार वेळा विचारलंत, जरा थांबा. 502, 503 किंवा 504 दिसला तर आपली फाइल कापत बसण्यापेक्षा चहा घेऊन यावं आणि नंतर पाहावं. विनंती निघतानाच तिच्या डोक्यावर तिचा आकार लिहिलेला असतो, त्यामुळे दारावरचा सर्व्हर पूर्ण फाइल यायची वाट न पाहताही नकार देऊ शकतो. दहा सेकंदांचं कोडं तिथे सुटतं.

या दुसऱ्या स्क्रीनशॉटवर साधनाने दिलेलं उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी नेमकं होतं, आणि होणारच, कारण आता चित्रात पुरावा होता. पण किती एमबीपर्यंत चालेल, यावर त्याने सांगितलेला आकडा काही बरोबर निघाला नाही. मॉडेल ज्या मजकुरावर तयार झालं तो जुना असतो. कंपन्या मर्यादा मध्येच बदलतात, फुकट आणि पैसे भरलेल्या खात्यांच्या मर्यादा वेगळ्या ठेवतात. स्वतःच्याच घराचे नियम त्याला ताजे ठाऊक असतील असं धरून चालू नये. तो आकडा त्या सेवेच्या मदत-पानावरूनच घ्यावा.

फाइल इतकी मोठी का झाली होती? ए-फोर कागद इंचाला 300 ठिपक्यांनी स्कॅन केला की 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी तीन बाइट धरले तर एका पानाचे 26 एमबी. जेपीजी पद्धतीने दाबून ते एक-सव्वा एमबीवर येतात. चौसष्ट पानांचे सत्तर एमबी असे झाले. निळ्या शाईच्या वहीसाठी रंग लागत नव्हता. काकांनी वही राखाडी छटेत, इंचाला 150 ठिपक्यांनी पुन्हा स्कॅन केली. लांबीत निम्मे आणि रुंदीत निम्मे, म्हणून ठिपके पाव झाले. अक्षर वाचता येत होतं. नवी फाइल भरली 16 एमबी.

ती गेली. अपलोडची पट्टी शेवटपर्यंत सरकली, गोल चक्र बराच वेळ फिरलं, आणि नवा संदेश आला: `We couldn't process this file.`

काकांनी त्याचाही स्क्रीनशॉट पाठवला. साधनाने फाइल बिघडलेली किंवा पासवर्डने बंद असल्याची शक्यता सांगितली. दोन्ही खोट्या: फाइल लॅपटॉपवर व्यवस्थित उघडत होती, पासवर्ड नव्हताच. पण आता एक गोष्ट पक्की होती. फाइल दार ओलांडून आत गेली होती आणि ती उघडणारा प्रोग्रॅम कुठल्यातरी पानावर अडखळत होता. असं पान शोधायची खात्रीची रीत म्हणजे फाइल निम्मी करत जाणं. पहिली बत्तीस पानं वेगळी पाठवली, गेली. उरलेली बत्तीस अडली. त्यातली पहिली सोळा अडली, मग त्यांतली आठ… सहा वेळा निम्मं केलं की चौसष्टांतलं एक पान हाती लागतं. ते निघालं एकेचाळिसावं, म्हणजे नकाशाचा मोबाइलवरचा फोटो.

हा फोटो तर जेमतेम तीन एमबीचा होता, मग त्याने काय घोळ घातला? फोटो 4000 गुणिले 3000 ठिपक्यांचा. तो पीडीएफमध्ये घालणाऱ्या ॲपने पानाचा आकार ठरवताना इंचाला 72 ठिपके धरले. पीडीएफमध्ये लांबी मोजायचं मूळ एकक इंचाचा बहात्तरावा भाग हेच आहे, म्हणून एक ठिपका म्हणजे एक एकक असा सरळसोट हिशोब काही ॲप करतात. त्यामुळे ते पान झालं साडेपंचावन्न इंच लांब आणि जवळजवळ बेचाळीस इंच उंच, चक्क पलंगपोसाएवढं. पडद्यावर बघताना कळत नाही, कारण वाचायचा प्रोग्रॅम प्रत्येक पान खिडकीत मावेल इतकं करून दाखवतो. पण सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने त्या पानाचं चित्र इंचाला 300 ठिपक्यांनी बनवायचं ठरवलं, तर त्याला 16,667 गुणिले 12,500, म्हणजे वीस कोटींहून जास्त ठिपके मांडावे लागतात. तीन बाइटांच्या हिशोबाने एका पानाला 600 एमबीहून जास्त मेमरी. एवढी मेमरी एका फाइलला सहसा कोणी देत नाही. प्रोग्रॅम मध्येच थांबवला जातो आणि बाहेर येतो तो `couldn't process`.

हे पडताळणं सोपं आहे. पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांत पानाचा आकार लिहिलेला असतो. बाकी पानांवर 8.27 गुणिले 11.69 इंच होतं, एकेचाळिसाव्यावर 55.6 गुणिले 41.7. हे आकडे टाइप करून पाठवल्यावर साधनाने वरचा मेमरीचा हिशोब बिनचूक मांडला. पण आकडे काकांनी शोधून दिले तेव्हाच. लाल पट्टीच्या चित्रावरून तो निघणं शक्यच नव्हतं. नकाशाचं पान ‘प्रिंट’ची सोय वापरून ए-फोर आकाराच्या पीडीएफमध्ये बदललं, पुन्हा जोडलं, आणि फाइल गेली.

स्क्रीनशॉट पाठवला म्हणजे साधनाने तो वाचलाच असंही धरू नये. अशी मॉडेलं चित्राचे छोटे चौकोनी तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचं आकड्यांत रूपांतर करतात. फार मोठं चित्र आलं तर बरीच साधनं ते आधी लहान करतात. लांब बाजू दीड हजार ठिपक्यांच्या आसपास आणणं, ही त्यातली एक नेहमीची पद्धत. समजा 3840 ठिपके रुंदीच्या पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट दिला, तर अक्षरं चाळीस टक्क्यांवर येतात. वीस ठिपके उंचीचं अक्षर आठ ठिपक्यांचं झालं की माणसालाही ते नीट लागत नाही. देवनागरीत तर वेलांटी आणि अनुस्वार आधी जातात. अशा वेळी मॉडेल न दिसलेली जागा ओळखीच्या मजकुराने भरून काढतं, आणि 415 चा 413 होतो. म्हणून फक्त संदेशाभोवतीचा भाग कापून घ्यावा. विंडोजवर Win+Shift+S, मॅकवर Cmd+Shift+4 दाबलं की हवा तेवढाच चौकोन निवडता येतो. उत्तर मागण्याआधी चित्रातला मजकूर शब्दशः उतरवून दाखवायला सांगावं. उतरवण्यात चूक असेल तर पुढचं वाचायचं कारण उरत नाही.

मजकूर माउसने निवडून कॉपी करता येत असेल तर स्क्रीनशॉटची गरजच नाही. तसं केलेलं अधिक चांगलं. चित्राचा फायदा तिथेच, जिथे पट्टी निवडता येत नाही किंवा अनेक फाइलींपैकी नेमकी कोणती लाल झाली ते दाखवायचं असतं. मात्र लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून पाठवू नये. त्यात पडद्याच्या जाळीच्या लहरी येतात, शिवाय 2017 नंतरचे आयफोन फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात साठवतात, आणि काही साधनं तो प्रकारच घेत नाहीत. मग तक्रारीच्या फोटोवरही एरर यायचा. फाइलचं नाव `.heic` वरून `.jpg` असं बदलून काही होत नाही. बरेच सर्व्हर नावावर विसंबत नाहीत, ते फाइलचे पहिले काही बाइट बघतात. खऱ्या पीडीएफची सुरुवात `%PDF` अशी असते, जेपीजीची FF D8 FF अशी.

या शेवटच्या गोष्टीमुळे एक चमत्कारिक प्रकार होतो. बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळावरून कागद उतरवताना लॉगिनची मुदत संपलेली असली, तर कधी कधी पीडीएफ न येता ‘पुन्हा लॉगिन करा’ हे वेबपानच `.pdf` नावाने साठवलं जातं. नाव बरोबर, पोटात एचटीएमएल. फाइल काही केबींची असते आणि लॅपटॉपवरही उघडत नाही. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीतच `<!DOCTYPE html` दिसतं. ई-आधारच्या पीडीएफची गोष्ट वेगळी. ती पासवर्डने बंद असते, नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल असा तिचा पासवर्ड, आणि ती आत पोचली तरी उघडणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो. असा कागद कुलूप काढून चॅटच्या साधनाला द्यावा का, हा प्रश्न मात्र एररच्या आधीचा आहे. मी देणार नाही.

खाजगीपणाची तीच काळजी स्क्रीनशॉटमध्येही घ्यावी लागते. पूर्ण पडद्याच्या चित्रात वरच्या टॅबची नावं जातात, कोपऱ्यातला ओटीपीचा संदेश जातो, फाइलच्या नावात खातेक्रमांक असेल तर तोही जातो. F12 च्या खिडकीत तर जास्तच सांभाळावं. तिथल्या Headers या भागात `Cookie` आणि `Authorization` नावाच्या ओळी असतात. त्यांतली अक्षरमाला ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्ड नसतानाही आपल्या खात्यात शिरता येऊ शकतं. तिथून फक्त Status चा क्रमांक आणि Response मधला मजकूर घ्यावा.

कधी कधी त्या Response मध्ये `request id` असं लिहून पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते. ती चित्रावरून उतरवून घेण्यात अर्थ नाही. शून्य आणि O, एक आणि l यांची अदलाबदल हमखास होते. ती कॉपी करून ठेवावी. मॉडेलला तिचा काही उपयोग नाही, कारण ती ज्या नोंदवहीतली आहे ती त्याच्यासमोर नसते. सेवा चालवणाऱ्या माणसांपाशी ती असते. आकार कमी करून, पानं तपासूनही 5 ने सुरू होणारा क्रमांक दोन दिवस तसाच राहिला, तर ती माळ, तारीख आणि वेळ लिहून त्यांच्या मदत-कक्षाला कळवावं. त्या वेळेपुढे भारतीय वेळ असं नमूद करावं, नाहीतर नोंदवहीत ते साडेपाच तास पुढे शोधत बसतात.